पुणे करार : डावपेच कुठे संपतात आणि फसवणूक कुठे सुरू होते?

आपल्या चळवळीत एक वाक्य हमखास ऐकू येते: "वाटाघाटीत खरे बोलणारा हरतो." निवडणुकीआधी जागावाटपाची बोलणी सुरू झाली की हे वाक्य शहाणपण म्हणून सांगितले जाते. बोलणी फसली की मात्र तेच लोक समोरच्या पक्षाला 'फसवे' म्हणतात. आपण केला तो डावपेच आणि त्यांनी केली ती फसवणूक, असा हा हिशेब आहे. तो टिकत नाही. डावपेच आणि फसवणूक यांच्यात खरोखर रेषा असेल, तर ती दोन्ही बाजूंना सारखीच लागू व्हायला हवी.

ही रेषा समजून घ्यायला आपल्या इतिहासात १९३२ च्या वर्षासारखे दुसरे वर्ष नाही. त्या एका वर्षात राजा-मुंजे करार झाला, कामठीची परिषद झाली आणि पुणे करार झाला. जादा मागणी, राखून ठेवलेले पत्ते, न सांगितलेली गोष्ट, खरी धमकी आणि शब्दांचा सोयीचा अर्थ हे सगळे त्यात आहे. पुणे करार चूक की बरोबर, या वादात मी इथे जात नाही. त्या बोलणीत कोण कोणत्या गोष्टीबद्दल काय बोलले आणि त्यातले काय प्रामाणिक होते, एवढेच पाहायचे आहे.

सुरुवात नागपुरातून

डॉ. बी. एस. मुंजे नागपूरचे, हिंदू महासभेचे मोठे पुढारी. एम. सी. राजा मद्रासचे, केंद्रीय कायदेमंडळातले अस्पृश्य समाजाचे सरकारनियुक्त सभासद. १९३२ च्या सुरुवातीला या दोघांनी करार केला. राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात, पण मतदारसंघ संयुक्त, असे ठरले आणि तसे ब्रिटिश सरकारला कळवण्यात आले. काही महिन्यांपूर्वीपर्यंत राजा स्वतः स्वतंत्र मतदारसंघांची बाजू मांडत होते.

माणसाला मत बदलण्याचा अधिकार आहे. संयुक्त मतदारसंघ चांगले, असे म्हणणे म्हणजे फसवणूक नव्हे. अडचण दुसरीकडे होती. "मी अखिल भारतीय अस्पृश्य समाजाच्या वतीने बोलतो" हे विधान मताचे नसते, वस्तुस्थितीचे असते. समाजाने अधिकार दिला आहे किंवा दिलेला नाही, यातले एकच खरे असू शकते. समोरचा पक्ष आणि सरकार त्या विधानावर भरवसा ठेवून निर्णय घेतात. म्हणून ते तपासता आले पाहिजे.

ती तपासणी नागपूरच्या शेजारी झाली. ७ मे १९३२ ला कामठीत अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली. मद्रासचेच मुनिस्वामी पिल्लई अध्यक्ष होते आणि बाबासाहेब हजर होते. परिषदेने राजा-मुंजे करार नाकारला आणि स्वतंत्र मतदारसंघांच्या मागणीला पाठिंबा दिला. कामठीचे महत्त्व केवळ ठरावात नाही. कोणाला बोलण्याचा अधिकार आहे, हे बंद खोलीत ठरले नाही, भर सभेत ठरले, हे त्याहून मोठे आहे. गोलमेज परिषदेत गांधीजींनीही अस्पृश्यांच्या वतीने बोलण्याचा दावा केला होता आणि त्या दाव्यालाही बाबासाहेबांनी हाच प्रश्न विचारला होता: हा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

रेषेचे पहिले टोक इथे सापडते. आपल्याला काय हवे आणि किती हवे, हे माणूस वाढवून सांगू शकतो. पण आपल्यामागे कोण उभे आहे, हे वाढवून सांगणे म्हणजे खोटे बोलणे.

बाबासाहेबांनी काय उघड ठेवले, काय राखले

बाबासाहेब आपली भूमिका वारंवार बदलत होते, असा आरोप तेव्हाही झाला आणि आजही होतो. कागद पाहिले तर वेगळे चित्र दिसते. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी प्रौढ मताधिकार आणि राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ मागितले. प्रौढ मताधिकार मिळणार नसेल तर स्वतंत्र मतदारसंघ द्या, असेही त्याच निवेदनात होते. १९३० च्या ऑगस्टमध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. पुढे गोलमेज परिषदेत त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी निवेदन दिले. त्यात पहिली दहा वर्षे स्वतंत्र मतदारसंघ आणि नंतर राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ अशी मागणी होती. प्रौढ मताधिकाराशिवाय संयुक्त मतदारसंघ समाजावर लादू नयेत, ही अट पुन्हा होतीच.

ही अट लपवलेली नव्हती, छापील होती. मताचा हक्क मिळाला तर आम्ही इथवर येऊ, नाही मिळाला तर तिथे थांबू, हे समोरच्याला आधीच माहीत होते. वाटाघाटीत आपली गरज आणि तिचे कारण उघड सांगणे ही कमजोरी नसते. समोरच्याने कोणत्या दिशेने पाऊल टाकले तर तडजोड होईल, हे त्याला त्यातूनच कळते.

आता सप्टेंबर १९३२ कडे या. १६ ऑगस्टच्या जातीय निवाड्याने अस्पृश्य समाजाला प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा दिल्या होत्या. त्यांवर स्वतंत्र मतदारसंघ होते आणि वर सर्वसाधारण मतदारसंघातले दुसरे मतही होते. हे सोडायचे तर मोबदला काय? बोलणी सुरू झाली तेव्हा बाबासाहेबांनी १९७ जागा मागितल्या. करार १४८ वर झाला. आपल्या मध्यप्रांतापुरते पाहिले तर निवाड्यात १० जागा होत्या, करारात २० झाल्या.

प्रश्न असा: १९७ मागून १४८ घेणारा माणूस खोटे बोलत होता का?

नाही, कारण मागणी ही मागणी असते. टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की पहिला आकडा शेवटचा नसतो. तेजबहादूर सप्रू, जयकर, राजगोपालाचारी, मालवीय ही मंडळी बोलणीत मुरलेली होती. १९७ ऐकून त्यांची फसगत होण्याचा प्रश्नच नव्हता. आपण शेवटी किती जागांवर थांबू, हे बाबासाहेबांनी सांगितले नाही. ते जाणून घेण्याचा हक्क समोरच्याला नव्हता. आपल्या अंतिम मर्यादेबद्दल गप्प राहणे हा प्रामाणिक डावपेच आहे.

फसवणूक तेव्हा झाली असती, जेव्हा आकड्याला आधार म्हणून खोटी लोकसंख्या सांगितली असती, किंवा "माझ्या समाजाने १९७ च्या खाली सही करायला बंदी घातली आहे" असा न झालेला ठराव पुढे केला असता. 'मला इतके हवे' आणि 'वस्तुस्थिती अशी आहे' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यात ताणायला जागा असते, दुसऱ्यात नसते.

धमकी खरी असेल तर?

आता समोरची बाजू पाहू. आमरण उपोषण ही हूल होती का? नव्हती. गांधीजींनी १३ नोव्हेंबर १९३१ ला लंडनमध्ये अल्पसंख्याक समितीत, बाबासाहेबांच्या समोर, आपण या मागणीला प्राणपणाने विरोध करू असे सांगितले होते. मार्च १९३२ मध्ये त्यांनी भारतमंत्री सॅम्युएल होर यांना पत्र लिहून उपोषणाचा इरादा कळवला. १८ ऑगस्टला पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांना तारीख दिली आणि २० सप्टेंबरला दुपारी येरवडा तुरुंगात उपोषण खरोखर सुरू झाले. बोलल्याप्रमाणे केले. याला बतावणी म्हणता येणार नाही.

पण प्रामाणिक असणे आणि न्याय्य असणे यांतला फरक इथेच समजतो. जातीय निवाड्यात तरतूद होती की संबंधित समाजांच्या संमतीने तो बदलता येईल. म्हणजे बाबासाहेबांनी सही केली नसती तर निवाडा कायम राहिला असता. कागदावर त्यांची बाजू भक्कम होती. उपोषणाने तो कागद बदलला नाही, सही न करण्याची किंमत बदलली. गांधीजींच्या जिवाला काही झाले असते तर खेड्यापाड्यांतल्या निःशस्त्र वस्त्यांवर काय कोसळले असते, हे बाबासाहेबांना दिसत होते. ज्यांच्याशी बोलणी चालली होती त्यांच्यावर नव्हे, तर जे टेबलावर नव्हते त्यांच्यावर ती किंमत पडणार होती.

म्हणून उपोषणाला फसवणूक म्हणू नका. शब्द चुकीचा आहे आणि चुकीच्या शब्दाने आपला युक्तिवाद पडतो. ती सक्ती होती. फसवणुकीत माणसाला खरे कळू देत नाहीत. सक्तीत सगळे कळते, पण नाही म्हणण्याची वाट बंद होते. दोन्हींत संमती पोकळ होते, पण उपाय वेगवेगळे असतात. फसवणुकीवर उपाय म्हणजे तपासणी. सक्तीवर उपाय म्हणजे नाही म्हणण्याची ताकद वाढवणे, म्हणजे संघटन.

एक बाब मात्र लपवण्याच्या जवळ जाते. मार्चमधले पत्र आणि नंतरचा पत्रव्यवहार सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात प्रसिद्ध झाला. त्याआधी सहा महिने ब्रिटिश सरकारला उपोषणाचा इरादा माहीत होता. ज्यांच्या हक्कांसाठी ही सगळी घालमेल चालली होती, त्या अस्पृश्य समाजाला तो माहीत नव्हता. कामठीत मे महिन्यात जमलेल्या प्रतिनिधींनी ठराव केला, तेव्हाही हे पत्र लिहिले गेलेले होते. लंडनमधला इशारा सार्वजनिक होता, हे गांधीजींच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण विरोध करू असे सांगणे आणि कोणत्या मार्गाने करू ते ठरवून फक्त सरकारला कळवणे, यात फरक आहे. ज्या माहितीमुळे दुसऱ्या पक्षाने आपली तयारी बदलली असती, ती तिसऱ्याला सांगून त्याच्यापासून राखणे, हे आपली मर्यादा न सांगण्याइतके निरुपद्रवी नाही.

दोन मोकळ्या जागा

सगळ्यात मोठा धडा करारात जे लिहिले गेले नाही किंवा नीट लिहिले गेले नाही, त्यात आहे. अशा दोन जागा पाहू.

पहिली जागा मुदतीची. राखीव जागा कधी संपाव्यात, यावर बोलणी अडली होती. बाबासाहेबांचे म्हणणे होते की दीर्घ मुदतीनंतर अस्पृश्य समाजाचेच सार्वमत घ्यावे. गांधीजी पाच वर्षांवर अडून बसले. शेवटी सार्वमताचा मुद्दा करारातून वगळला गेला. प्राथमिक निवडणुकीची पद्धत दहा वर्षांनी संपेल आणि राखीव जागा दोन्ही समाजांच्या संमतीने ठरेपर्यंत चालू राहतील, असे लिहिले गेले. ही वगळलेली गोष्ट होती, पण कोणापासून लपवलेली नव्हती. इथे आपले एकमत नाही आणि हा प्रश्न आपण पुढे ढकलत आहोत, हे दोघांनाही दिसत होते. असे वगळणे प्रामाणिक असते.

दुसरी जागा 'चार' या आकड्याची. करारानुसार प्रत्येक राखीव जागेसाठी आधी अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणूक घेऊन चार उमेदवारांची यादी निवडायची होती. मग त्या चौघांतून एकाला सर्व जातींच्या संयुक्त मतदारांनी निवडायचे होते. साधे वाटते. पण मतदारसंघ आखण्यासाठी हॅमंड समिती बसली तेव्हा वाद उभा राहिला. सवर्ण हिंदूंच्या वतीने मांडले गेले की चार म्हणजे किमान चार. बाबासाहेबांनी मांडले की चार म्हणजे जास्तीत जास्त चार.

यात एवढे काय, असे वाटेल. हिशेब करून पाहा. एका मतदारसंघात अस्पृश्य समाज एकजुटीने एक किंवा दोनच उमेदवार उभे करतो. 'जास्तीत जास्त चार' या अर्थाने ते एक-दोघेच अंतिम निवडणुकीला जातात. समाजाचा विश्वासू माणूस निवडून येणार हे जवळपास नक्की होते. 'किमान चार' या अर्थाने मात्र चार नावे झालीच पाहिजेत. मग तिसरे आणि चौथे नाव कोणाचे येणार? ज्याला समाजाने उभे केले नाही, पण दुसऱ्या कोणी उभे केले, त्याचे. पुढच्या फेरीत बहुसंख्य मते सवर्णांची. त्यांनी त्या चौथ्यालाच उचलले की राखीव जागा नावाला आपली राहते आणि माणूस त्यांचा जातो. एका शब्दाच्या अर्थावर अख्खी प्राथमिक निवडणूक निकामी होणार होती.

मतदानाच्या पद्धतीबद्दलही असाच वाद झाला. जिथे एका मतदारसंघातून सर्वसाधारण आणि राखीव असे एकाहून अधिक प्रतिनिधी निवडायचे, तिथे मतदाराला तितकी मते. ती सगळी एकाच उमेदवाराला देता येतील की वेगवेगळ्यांना वाटावीच लागतील? एकाला देता आली तर थोडे मतदारही आपला माणूस निवडून आणू शकतात. वाटावीच लागली तर प्रत्येक सवर्ण मतदाराचे एक मत राखीव जागेच्या उमेदवारावर पडणार. सवर्णांच्या वतीने सक्तीच्या वाटपाचा आग्रह होता, आपला आग्रह एकवटण्याच्या मुभेचा. करारात यावर शब्द नव्हता.

हॅमंड समितीने 'किमान चार' हा अर्थ मानला नाही. मुंबई प्रांतात मते एकवटण्याची पद्धत आली आणि १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाला तिचा उपयोग झाला.

२४ सप्टेंबर १९३२ ला सही करताना कोणाच्या मनात हा डाव होता, असे मी म्हणत नाही. मनातले सिद्ध करता येत नाही आणि त्याची गरजही नाही. पुरेसा प्रश्न एवढाच: हा अर्थ त्याच दिवशी टेबलावर मोठ्याने सांगितला असता, तर करार झाला असता का? "चार म्हणजे किमान चार, आणि चौथा आम्ही उभा करू" असे कोणी म्हणाले असते, तर बाबासाहेबांनी सही केली नसती, हे शेंबडे पोरही सांगेल. जो अर्थ सही होण्याआधी सांगता येत नाही, तो सहीनंतर काढणे म्हणजे फसवणूक. ती सहीच्या वेळी झाली नसली तरी अर्थ काढताना होते.

करारातली कलमे या दृष्टीने पुन्हा वाचा. जिथे आकडे आहेत, १४८ जागा, केंद्रीय कायदेमंडळात १८ टक्के, तिथे पळवाट काढणे अवघड गेले. जिथे स्थानिक संस्था आणि सरकारी नोकऱ्यांत योग्य प्रतिनिधित्वासाठी सर्व प्रयत्न करू अशी भाषा आहे, तिथे हाती धरण्यासारखे काही नव्हते. 'प्रयत्न केला' असे कोणालाही कधीही म्हणता येते. मुंबईत २५ सप्टेंबरला कराराला मान्यता देणाऱ्या सभेत बाबासाहेबांनी हीच शंका बोलून दाखवली: हिंदू समाज हा करार पाळेल का? सही करून मनात मोडण्याचा बेत ठेवणे त्यांनी केले नाही. शंका होती, ती सभेत सांगितली. पुढे करार नको वाटला, तेव्हा तेही त्यांनी पुस्तक लिहून जाहीर सांगितले.

आजच्या बोलणीसाठी

काही जण म्हणतील की दुबळ्याने बलवानाशी प्रामाणिक का राहावे? त्यांच्याकडे पैसा, सत्ता, वृत्तपत्रे. आमच्याकडे निदान हूल तरी असू द्या. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण व्यवहारात पाहा. बलवानाचे खोटे पकडले गेले तर त्याच्याकडे पैसा आणि सत्ता उरतेच. आपल्याकडे असतो तो फक्त शब्द आणि त्यामागे उभा असलेला समाज. पाच हजार माणसे आणू म्हणून दोनशे आणली, की पुढच्या बोलणीत आपल्या खऱ्या पाच हजारांनाही कोणी मोजत नाही. शिवाय समोरच्याला लावलेली सवय घरात येते. जो नेता पक्षाला खोटा आकडा सांगतो, तो बाहेर येऊन कार्यकर्त्यांना काय सांगत असेल?

म्हणून आघाडीच्या बोलणीला बसा, नाही तर वस्तीच्या पुनर्वसनासाठी अधिकाऱ्यांसमोर, रेषा १९३२ चीच आहे. जास्त मागा, त्यात पाप नाही. कुठे थांबणार ते सांगू नका, तेही चालेल. पण किती माणसे आपल्यामागे आहेत, कोणी अधिकार दिला, कागदावर काय लिहिले आहे, यात एक अक्षर खोटे नको. जो मुद्दा मिटला नाही, तो 'मिटला नाही' असे लिहून घ्या. 'प्रयत्न करू' असे वाक्य आले की तिथे आकडा, तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद मागा. आणि सही करण्याआधी प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाचा अर्थ समोरच्याच्या तोंडून वदवून घ्या: साहेब, या 'चार'चा अर्थ तुमच्या मते काय?

तो अर्थ सांगायला समोरचा कचरला, तर पेन खिशात ठेवा आणि आपल्या माणसांना विचारायला बाहेर या. कामठीच्या परिषदेने तेच काम केले होते.

जय भीम!